असमान अँगलचे बेंडिंग तपासण्यापूर्वी: प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया आणि मुख्य अक्ष कसे काढावेत

गोव्यात घराच्या गच्चीवर, गाडीच्या शेडवर किंवा छोट्या कारखान्यावर पत्र्याचे छप्पर चढवायचे झाले की पर्लिन म्हणून अनेकदा अँगल वापरला जातो. तो सहज मिळतो, कोणताही वेल्डर तो कापून जोडू शकतो आणि गंज काढून पुन्हा रंगवायला त्याचे सगळे पृष्ठभाग उघडे असतात. हिशेब मात्र बहुतेक वेळा पुढीलप्रमाणे उरकला जातो: तक्त्यातून आडव्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया घ्यायचा, बेंडिंग मोमेंटला त्याने भागायचे, टोकापर्यंतच्या अंतराने गुणायचे आणि आलेले प्रतिबल मर्यादेत आहे म्हणून पुढे जायचे. आय-सेक्शनसाठी ही रीत बरोबर आहे, कारण त्याचे आडवे-उभे अक्ष हेच त्याचे मुख्य अक्ष असतात. अँगलसाठी ती बरोबर नाही. या लेखात १००×७५×८ मिमीचा एकच अँगल घेऊन, त्याचे मुख्य अक्ष शोधण्यापासून कोपऱ्यांवरची खरी प्रतिबले मिळेपर्यंतचा हिशेब क्रमाने मांडला आहे.

उदाहरण असे आहे. पर्लिनचा गाळा ३ मीटर आहे आणि दोन्ही टोके साधी टेकलेली आहेत. स्वतःच्या वजनासह एकूण सरळ खाली येणारा भार मीटरला १.६ किलोन्यूटन आहे. मध्यभागी बेंडिंग मोमेंट १.६ × ३² ÷ ८, म्हणजे १.८ किलोन्यूटन-मीटर येतो. अँगलची १०० मिमीची लांब बाजू उभी आहे, आणि ७५ मिमीची आखूड बाजू वर आडवी आहे, जिच्यावर पत्रा बसतो. छपराचा उतार सुरुवातीला बाजूला ठेवू आणि शेवटी त्याच्याकडे येऊ, कारण उतारामुळेच या हिशेबातली सर्वांत उपयोगी गोष्ट समजते.

पायरी १: कागदावर सोयीच्या स्थितीत काढा

प्रथम अँगल इंग्रजी L अक्षरासारखा काढावा: लांब बाजू डावीकडे उभी, आखूड बाजू खाली उजवीकडे जाणारी, आणि बाहेरचा कोपरा शून्यबिंदूवर. x उजवीकडे आणि y वर, अशा दिशा ठरवून त्या चित्रावर बाणाने दाखवाव्यात आणि पुढे शेवटपर्यंत बदलू नयेत. छपरावर आपला अँगल या चित्राच्या उलटा, म्हणजे अर्धा फेरा फिरवलेला असेल. त्याने काय बदलते आणि काय बदलत नाही, ते तिसऱ्या पायरीत येईल.

आता त्याचे दोन आयत करा. उभा आयत ८×१००, क्षेत्रफळ ८०० चौ. मिमी, मध्य (४, ५०). आडवा आयत ६७×८, क्षेत्रफळ ५३६ चौ. मिमी, मध्य (४१.५, ४). आडव्या आयताची लांबी ७५ नसून ६७ आहे, कारण कोपऱ्यातला ८×८ चा चौकोन उभ्या आयतात आधीच धरला आहे. तो दोनदा धरला गेला तर क्षेत्रफळ १३३६ ऐवजी १४०० येते, आणि ही चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात शिरते. म्हणून एकूण क्षेत्रफळ तक्त्यातल्या आकड्याशी लगेच ताडून पाहावे.

सेंट्रॉइड नेहमीच्या सरासरीने मिळतो. x दिशेत (८०० × ४ + ५३६ × ४१.५) ÷ १३३६ म्हणजे १९.०५ मिमी, आणि y दिशेत (८०० × ५० + ५३६ × ४) ÷ १३३६ म्हणजे ३१.५५ मिमी. सेंट्रॉइड अँगलच्या धातूत नसून दोन बाजूंच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. ते पाहून नवख्या विद्यार्थ्याला आपले काहीतरी चुकले असे वाटते, पण L आकारात तसेच होते.

पायरी २: Ix आणि Iy

इथे फार थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक आयताचा स्वतःचा मोमेंट ऑफ इनर्शिया आणि त्यात क्षेत्रफळ गुणिले अंतराचा वर्ग, असे समांतर अक्षाच्या नियमाने मिळवले की Ix १३४.९ सेंमी⁴ आणि Iy ६५.६ सेंमी⁴ येतो. छापील तक्त्यातले आकडे याहून किंचित कमी असतील, कारण प्रत्यक्ष अँगलच्या टोकांना आणि आतल्या कोपऱ्याला गोलाई असते आणि आपण सगळे कोपरे धारदार धरले आहेत. फरक दोन-चार टक्क्यांच्या आत राहिला तर पुढे जावे. त्याहून जास्त असेल तर पहिल्या पायरीकडे परत जावे.

पायरी ३: प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया

हिशेबाचा खरा गाभा हा आहे, म्हणून इथे वेळ द्यावा. Ixy म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रत्येक कणाचा x आणि y यांच्या गुणाकाराशी केलेला गुणाकार, आणि त्या सगळ्यांची बेरीज. Ix मध्ये अंतराचा वर्ग असतो, त्यामुळे तो नेहमी धन असतो. Ixy मध्ये वर्ग नसतो, म्हणून तो धन, ऋण किंवा शून्य यांपैकी काहीही असू शकतो, आणि त्याचे चिन्हच सेक्शन कोणत्या दिशेला कललेला आहे ते सांगते.

आयताच्या स्वतःच्या मध्यातून जाणाऱ्या, बाजूंना समांतर असलेल्या अक्षांभोवती त्याचा प्रॉडक्ट ऑफ इनर्शिया शून्य असतो, कारण एका बाजूच्या प्रत्येक कणाला दुसऱ्या बाजूचा कण तंतोतंत रद्द करतो. त्यामुळे दोन आयतांसाठी फक्त स्थलांतराचा भाग उरतो:

```
Ixy = A1·dx1·dy1 + A2·dx2·dy2
```

यातले dx आणि dy हे सेंट्रॉइडपासून त्या आयताच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे, आणि ते चिन्हासह घ्यायचे आहे. उभ्या आयताचा मध्य सेंट्रॉइडच्या डावीकडे १५.०५ आणि वर १८.४६ आहे, म्हणजे dx ऋण आणि dy धन. ८०० × (−१५.०५) × (१८.४६) मिळून सुमारे −२२.२ सेंमी⁴ येतात. आडव्या आयताचा मध्य उजवीकडे २२.४६ आणि खाली २७.५५ आहे, म्हणजे आता dx धन आणि dy ऋण, ५३६ × (२२.४६) × (−२७.५५) मिळून सुमारे −३३.२ सेंमी⁴ येतात. दोन्ही एकाच चिन्हाचे आहेत आणि बेरीज −५५.४ सेंमी⁴ होते.

अँगलमध्ये हे दोन भाग नेहमी एकाच चिन्हाचे यायला हवेत. दोन आयतांचे मध्य सेंट्रॉइडच्या विरुद्ध बाजूंना, एकाच सरळ रेषेवर असतात, त्यामुळे एकाचे dx आणि dy दोन्ही दुसऱ्याच्या उलट चिन्हाचे असतात आणि त्यांचा गुणाकार त्याच चिन्हाचा राहतो. एक भाग धन आणि दुसरा ऋण आला असेल, तर कुठेतरी अंतर उलट्या दिशेने मोजले गेले आहे. पडताळणीसाठी आणखी एक सूत्र आहे, आणि त्याला सेंट्रॉइडची गरजच लागत नाही:

```
Ixy = A1·A2/(A1 + A2) · (x2 − x1)·(y2 − y1)
```

यात ८०० × ५३६ ÷ १३३६ म्हणजे ३२०.९६, गुणिले ३७.५, गुणिले −४६. उत्तर पुन्हा −५५.४ सेंमी⁴. पहिल्या पायरीतला सेंट्रॉइड चुकला असेल तर ही दोन उत्तरे जुळणार नाहीत, म्हणून ही पडताळणी वगळू नये.

आता अँगल फिरवण्याचा प्रश्न. L ला अर्धा फेरा दिला की प्रत्येक कणाचे x आणि y दोन्ही आपले चिन्ह बदलतात आणि गुणाकार तसाच राहतो. म्हणून आखूड बाजू वर आणि डावीकडे गेलेल्या आपल्या पर्लिनसाठी Ix, Iy आणि Ixy हे तिन्ही आकडे जसेच्या तसे लागू आहेत. पण तोच अँगल आरशातल्यासारखा पलटला, म्हणजे वरची बाजू डावीऐवजी उजवीकडे वळवली, तर फक्त x चे चिन्ह बदलते आणि Ixy +५५.४ होतो. आकडा तोच, चिन्ह उलटे. तक्त्यात Ixy दिलेला असला तरी त्याचे चिन्ह तक्त्यातल्या चित्रातल्या स्थितीचे असते, आपल्या छपरावरच्या स्थितीचे नाही.

पायरी ४: मुख्य अक्षांचा कोन

Ixy शून्य नाही, याचा अर्थ आडवा आणि उभा अक्ष हे या सेक्शनचे मुख्य अक्ष नाहीत. ज्या अक्षांभोवती Ixy शून्य होतो ते मुख्य अक्ष. त्यांपैकी मोठ्या मोमेंट ऑफ इनर्शियाच्या अक्षाला u आणि लहान असलेल्याला v म्हणू.

```
tan 2θ = −2·Ixy / (Ix − Iy)
Iu, Iv = (Ix + Iy)/2 ± √[ ((Ix − Iy)/2)² + Ixy² ]
```

आपल्या आकड्यांनी tan 2θ = ११०.७ ÷ ६९.३ = १.५९९, म्हणून 2θ सुमारे ५८° आणि θ सुमारे २९°. u अक्ष x अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने २९° वर चढतो, आणि v अक्ष त्याला काटकोनात. Iu १६५.६ आणि Iv ३४.९ सेंमी⁴ येतो. दोन्हींची बेरीज २००.५, आणि Ix अधिक Iy हीही २००.५, ही बेरीज कोणत्याही कोनाला बदलत नाही.

Iv हा Ix च्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा आहे, ही गोष्ट मनात पक्की ठेवावी. अँगल आडव्या-उभ्या अक्षांच्या आकड्यांवरून वाटतो त्याहून एका तिरक्या दिशेने फार अशक्त असतो, आणि सरळ खाली येणाऱ्या भाराचा काही वाटा त्या दिशेने जातो.

कोनाच्या बाबतीत एक धोका नेहमी असतो. कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ काढले की दोन मुख्य अक्षांपैकी एकाचा कोन मिळतो, पण तो मोठ्या अक्षाचा की लहान अक्षाचा हे कळत नाही. Ix हा Iy पेक्षा मोठा असेल तर तो मोठ्याचाच असतो. आखूड बाजू उभी ठेवली आणि Ix लहान झाला की तो लहान अक्षाचा निघतो. स्प्रेडशीटमध्ये हिशेब करत असाल तर ATAN2 वापरावे, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. Ix, Iy, Ixy अनुक्रमे B1, B2, B3 मध्ये असतील तर u अक्षाचा कोन असा मिळतो:

```
=DEGREES(ATAN2(B1-B2, -2*B3))/2
```

स्प्रेडशीटमध्ये ATAN2 आधी x आणि मग y घेते, तर पायथॉनसारख्या भाषांमध्ये क्रम उलटा असतो. एकीकडचे सूत्र दुसरीकडे तसेच उतरवले तर कोन चुकतो.

डोळ्यांनी करायची पडताळणीही आहे. अँगलच्या दोन मोकळ्या टोकांना जोडणारी रेषा काढा. v अक्ष ढोबळमानाने तिच्याच दिशेने जायला हवा, कारण धातू त्या दिशेने पसरलेला आहे आणि त्या रेषेपासून त्याचे अंतर कमीत कमी आहे. आपल्या आकृतीत ती रेषा आणि v अक्ष यांत दहा अंशांपेक्षा कमी फरक आहे. v अक्ष त्या रेषेला आडवा जाताना दिसला, तर Ixy चे चिन्ह चुकले आहे असे निश्चित समजावे.

पायरी ५: मोमेंटचे दोन वाटे आणि कोपऱ्यांवरची प्रतिबले

आता अँगल छपरावरच्या स्थितीत, म्हणजे आखूड बाजू वर आणि डावीकडे, ठेवू. सेंट्रॉइडपासून कोपऱ्यांची स्थाने घेऊ: वरचा बाहेरचा कोपरा, ज्याला पुढे टाच म्हणू, (१९.०५, ३१.५५), वरच्या बाजूच्या मोकळ्या टोकाचा खालचा कोपरा (−५५.९६, २३.५५), आणि उभ्या बाजूच्या खालच्या टोकाचा आतला कोपरा (११.०५, −६८.४६). यांना फिरवलेल्या अक्षांत न्यायचे:

```
u =  x·cosθ + y·sinθ
v = −x·sinθ + y·cosθ
```

सरळ खाली येणारा भार u आणि v दिशांत विभागला की u अक्षाभोवतीचा मोमेंट १.८ × cos २९°, म्हणजे १.५७, आणि v अक्षाभोवतीचा १.८ × sin २९°, म्हणजे ०.८७ किलोन्यूटन-मीटर येतो. दाब धन आणि ताण ऋण धरला तर कोणत्याही बिंदूवरचे प्रतिबल असे:

```
σ = Mu·v/Iu + Mv·u/Iv
```

टाचेसाठी u ३१.९५ आणि v १८.३६ येतो. पहिला भाग १७.५ आणि दुसरा ७९.८, एकूण ९७.३ मेगापास्कल दाब. उभ्या बाजूच्या खालच्या आतल्या कोपऱ्यासाठी u −२३.५२ आणि v −६५.२३, भाग ६२.० आणि ५८.७, एकूण १२०.८ मेगापास्कल ताण. तिन्ही जागांची तुलना अशी होते:

| जागा | नेहमीची रीत, M·y/Ix | मुख्य अक्षांनी |
|---|---|---|
| टाच | ४२.१ दाब | ९७.३ दाब |
| वरच्या बाजूचे टोक, खालचा कोपरा | ३१.४ दाब | ४८.३ ताण |
| उभ्या बाजूचे खालचे टोक, आतला कोपरा | ९१.४ ताण | १२०.८ ताण |

सर्वांत मोठे प्रतिबल जवळजवळ एक तृतीयांशाने वाढले. टाचेवरचे दुपटीहून जास्त झाले. आणि मधली ओळ तर चिन्हच बदलते: जी बाजू सगळी दाबाखाली आहे असे नेहमीची रीत सांगते, तिच्या टोकावर प्रत्यक्षात ताण आहे. या उदाहरणात भाराला १.५ चा गुणक लावला तरी १८१ मेगापास्कल होतात, आणि २५० मेगापास्कल यील्डच्या पोलादाला आयएस ८०० नुसार १.१ ने भागून मिळणाऱ्या २२७ च्या आत ते बसतात. पण कोणी नेहमीच्या रीतीने गुणकासह २०० मेगापास्कलपर्यंत ताणून अँगल निवडला असता, तर खरे प्रतिबल २६४ निघाले असते.

उत्तर पडताळायला कोन न काढता थेट चालणारे सूत्रही आहे, आणि परीक्षेत किंवा घाईत मी तेच वापरायला सांगेन:

```
σ = M·(Iy·y − Ixy·x) / (Ix·Iy − Ixy²)
```

टाचेचे आकडे यात घातले की पुन्हा सुमारे ९७ मेगापास्कल येतात. मग मुख्य अक्ष शोधायचेच कशाला, असे कोणी विचारेल. प्रतिबलापुरता विचार केला तर खरेच गरज नाही. पण अँगल कोणत्या दिशेने वाकणार, तो बाजूला कलंडेल का आणि कोणत्या बाजूने बसवला तर तो जास्त भार घेईल, हे प्रश्न मुख्य अक्षांशिवाय समजत नाहीत.

वाकण्याचाच आकडा पाहा. नेहमीच्या रीतीने मध्यभागी खाली वाक ६.३ मिमी येतो. प्रत्यक्षात तो ९.६ मिमी असतो, आणि त्याशिवाय अँगल ८.१ मिमी आडवा, वरची बाजू ज्या दिशेला वळलेली आहे त्या दिशेने सरकतो. भार सरळ खाली असूनही आडवा सरकणे हेच मुख्य अक्ष तिरके असल्याचे डोळ्यांना दिसणारे लक्षण आहे. पत्रे चढवण्यापूर्वी मोकळ्या पर्लिनच्या टोकांपासून टोकांपर्यंत दोरी ताणून मध्यभागी वजन टांगले, तर हे सरकणे साध्या पट्टीने मोजता येते.

नेहमीची रीत केव्हा बरोबर ठरते

पत्रा पर्लिनला आडवे अजिबात सरकू देत नसेल, तर प्रतिबल फक्त y वर अवलंबून राहते आणि M·y/Ix हेच बरोबर उत्तर ठरते. पण त्यासाठी पत्र्याला आडवे बल पुरवावे लागते, आणि ते भाराच्या Ixy ÷ Ix पट, म्हणजे ०.४१ पट असते. आपल्या पर्लिनसाठी ते मीटरला ०.६६ किलोन्यूटन, संपूर्ण गाळ्यात सुमारे २ किलोन्यूटन होते. जवळजवळ बसवलेले स्क्रू आणि आपल्या पातळीत ताठ राहणारा, शिवाय कडेला कुठेतरी नीट बांधलेला पत्रा ते पुरवू शकतो. जे-बोल्टने अडकवलेला जुना सिमेंटचा पत्रा किंवा नुसती ठेवलेली कौले यांच्यावर तेवढा विश्वास ठेवता येत नाही. म्हणून हिशेबाच्या कागदावर M·y/Ix लिहिणाऱ्याने शेजारीच हे आडवे बल कोण घेणार हेही लिहिले पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर मुख्य अक्षांचा हिशेब करावा.

उतार असेल तर वरची बाजू कुठे वळवायची

गोव्याच्या पावसाळ्यात सपाट पत्रा ठेवण्याची सोय नाही, म्हणून आता उतार १५° धरू. पर्लिनची उभी बाजू पत्र्याला काटकोनात असते, त्यामुळे x आणि y हे अक्ष छपरासोबत १५° कलतात, आणि भार मात्र सरळ खालीच राहतो. त्याचा एक वाटा उताराच्या खालच्या दिशेने ओढतो.

वर आपण पाहिले की अँगल स्वतःहून आखूड बाजूच्या दिशेने सरकतो. ती बाजू उताराच्या वर, मोभाच्या दिशेने वळवली, तर हे सरकणे आणि उताराची ओढ एकमेकांच्या विरुद्ध जातात. हिशेबात सांगायचे तर भार आणि v अक्ष यांमधला कोन २९° वरून १४° वर येतो आणि अशक्त दिशेचा वाटा निम्म्यावर येतो. खालच्या टोकावरचा ताण ९८ मेगापास्कल आणि टाचेवरचा दाब फक्त ५९ मेगापास्कल राहतो. तीच बाजू उताराच्या खाली, पागोळीच्या दिशेने वळवली, तर दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात, कोन ४४° होतो, खालच्या टोकावर १३५ आणि टाचेवर १२९ मेगापास्कल येतात. अँगल तोच, भार तोच, पोलादाचा खर्च तोच. फक्त कोणत्या तोंडाने बसवला यावर टाचेचे प्रतिबल दुपटीहून अधिक बदलते. उतार नेमका २९° असता तर भार सरळ v अक्षावर आला असता आणि अशक्त दिशेचे बेंडिंग पूर्ण नाहीसे झाले असते.

या हिशेबात काय येत नाही

तीन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे पीळ. अँगलचे शिअर सेंटर दोन बाजूंच्या मध्यरेषा जिथे मिळतात तिथे, म्हणजे टाचेजवळ असते. पत्र्याचा भार वरच्या बाजूच्या मध्यावर पडला तर तो शिअर सेंटरपासून तीस-पस्तीस मिमी बाजूला असतो आणि अँगलला पिळतो. वरचा सगळा हिशेब भार शिअर सेंटरमधून जातो असे धरून आहे.

दुसरी म्हणजे कलंडणे, विशेषतः वाऱ्याच्या उचलीखाली. आयएस ८७५ मध्ये पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, आणि किनाऱ्यावरच्या उघड्या जागेत हलक्या पत्र्याच्या छपराला वजनापेक्षा उचल जास्त असू शकते. उचल पत्र्याला काटकोनात असते, त्यामुळे तिच्या वेळी उताराचा फायदा मिळत नाही आणि कोन पुन्हा २९° धरावा लागतो. शिवाय सगळी चिन्हे उलटतात: उभ्या बाजूचे खालचे टोक, ज्याला पत्र्याचा आधार नाही, ते सर्वाधिक दाबाखाली येते. हलक्या छपराला हाच प्रसंग निर्णायक ठरतो असे माझे मत आहे, आणि त्याची तपासणी आयएस ८०० मधल्या पार्श्व-पीळ बकलिंगच्या नियमांनी, Iv धरून करावी.

तिसरी म्हणजे जुना अँगल. खाऱ्या हवेत राहिलेल्या पर्लिनची जाडी तक्त्यातून घेऊ नये. गंज खरवडून व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही बाजूंची जाडी गाळ्याच्या मध्यभागी मोजावी. दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या असतील तर कोन जवळजवळ तोच राहतो आणि Ix, Iy, Ixy साधारण जाडीच्या प्रमाणात कमी होतात. आठाची जाडी सात झाली असेल तर प्रतिबले सुमारे एक सप्तमांशाने वाढतात. एकच बाजू जास्त खाल्ली गेली असेल, जी बहुधा पाणी साचणारी आडवी बाजू असते, तर दोन जाड्या वेगवेगळ्या घेऊन पहिल्या पायरीपासून सगळा हिशेब नव्याने करावा, कारण तेव्हा सेंट्रॉइड आणि कोन दोन्ही सरकलेले असतात.

हिशेब पूर्ण झाला की जोडणीच्या ड्रॉइंगवर फक्त १००×७५×८ असे न लिहिता पर्लिनचा छेद छपराच्या उतारासह काढावा, आखूड बाजू मोभाकडे वळलेली स्पष्ट दाखवावी आणि तशी सूचना शब्दांतही लिहावी, कारण वेल्डरच्या हातात दोन्ही तोंडांनी तो अँगल तितकाच नीट बसतो.